बनावट प्रवेश-अर्जाचं पान: होस्टला पत्र धाडण्याआधी

एक पालक कार्यालयात आल्या आणि मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "सर, पाचशे रुपये भरले, पण पावती आलीच नाही." आमची शाळा अर्जाचे पैसे घेतच नाही. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या त्या लिंकवर आमचं बोधचिन्ह होतं, इमारतीचा फोटो होता आणि तळाला क्यूआर कोड. त्या बाईंना लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावायला सांगितलं, कारण गेलेले पैसे अडवायचे तर ते काम त्याच क्षणी करावं लागतं, पत्राची वाट बघून चालत नाही. मग ज्यांच्या सर्व्हरवर ते पान होतं त्या होस्टिंग कंपनीला मी तावातावाने तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की अशा पत्त्यावर आम्हाला काहीच दिसत नाही, प्रकरण बंद. पान तर माझ्या मोबाइलवर चालूच होतं! दुसरं पत्र गेलं तेव्हा कुठे ते उतरलं. दोन पत्रांमध्ये जो फरक होता, तीच ही यादी. खालचे पत्ते अर्थातच बदललेले आहेत.

सगळ्यात आधी लिंक हातात घ्या, आणि ती शेपटासकट. पहिल्या पत्रात मी नुसतं `shala-pravesh.example` एवढंच लिहिलं होतं. खरी लिंक होती `shala-pravesh.example/form/?r=wa7`. प्रश्नचिन्हापुढचा भाग नसेल तर कोरं पान उघडायचं, असं त्या भामट्याने करून ठेवलं होतं. शिवाय ते पान फक्त मोबाइलच्या ब्राउझरलाच दिसत होतं. कार्यालयातल्या संगणकावर 'पान सापडले नाही' एवढंच यायचं. काही पानं तर देशाबाहेरून आलेल्याला काहीच दाखवत नाहीत. तक्रार तपासणारा माणूस परदेशात संगणकासमोर बसलेला असतो, त्याला बिचाऱ्याला खरंच काही दिसत नाही. म्हणून पत्रात स्वच्छ लिहायचं: अमुक तारखेला, अमुक वाजता, भारतातल्या मोबाइल डेटावर, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पान उघडलं. वेळ लिहिताना भारतीय वेळ आणि तिच्यापुढे `UTC+5:30`, म्हणजे त्यांना त्यांच्या नोंदींशी ती जुळवता येते.

स्क्रीनशॉट त्याच बैठकीत घ्या, पत्र लिहायला बसण्याआधी. पान उद्या हललं तर पुरावाही गेला. पत्त्याची पट्टी आणि घड्याळ दोन्ही दिसायला हवीत. एक चित्र वरच्या भागाचं, एक रकाने दाखवणारं, एक क्यूआर कोडचं, आणि चौथं आपल्या खऱ्या पानाचं. होस्टच्या माणसाने तुमच्या शाळेचं नाव कधी ऐकलेलं नसतं, त्यामुळे खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे शेजारी ठेवून दाखवावंच लागतं. अर्ज मात्र भरून बघायचा नाही, खोटी नावं घालूनसुद्धा नाही. पुढचं पान कसं आहे याची उत्सुकता मलाही होती, पण पत्राला त्याची गरज पडत नाही.

भरलेली माहिती कुठे जाते हे कळलं तर पत्राला वजन येतं. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडता आला तर त्यात `form` शोधा. आमच्या प्रकरणात ओळ अशी होती:

```
<form action="https://jama.example/save.php" method="post">
```

म्हणजे पान एकीकडे आणि पालकांचे आधार क्रमांक जमा होत होते भलत्याच ठिकाणी. तो दुसरा पत्ताही पत्रात लिहायचा आणि त्याच्या होस्टला वेगळी तक्रार करायची, नाहीतर आठवड्याभरात त्याच डब्याला नवं पान जोडलेलं दिसतं.

आता पत्र कोणाला? इथे बरेच जण चुकतात. दुकानाची पाटी रंगवणारा वेगळा आणि गाळा भाड्याने देणारा वेगळा. डोमेनचं नाव विकणारा तो रजिस्ट्रार, आणि पान ज्याच्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं तो होस्ट. नावाची माहिती `lookup.icann.org` वर मिळते, तिथे रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेलही असतो. होस्टसाठी आधी सर्व्हरचा आयपी पत्ता काढायचा आणि मग तो कोणाचा आहे ते बघायचं:

```
nslookup shala-pravesh.example
whois 203.0.113.25
```

दुसऱ्या उत्तरात `abuse` असलेला ईमेल शोधा, पत्र तिथे जातं. तिथे क्लाउडफ्लेअरचं नाव आलं तर ओळखायचं की हा मधला पडदा आहे, खरा होस्ट मागे आहे. त्यांच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये `Phishing`, म्हणजे खोट्या पानावरून माहिती लुबाडणं, हा प्रकार निवडायचा, ते तक्रार मागच्या होस्टकडे पोचवतात. रजिस्ट्रारलाही तेच पत्र पाठवावं. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकानच्या रजिस्ट्रारांशी असलेल्या करारात ५ एप्रिल २०२४ पासून अशी अट आहे, की फिशिंगची पुराव्यासह तक्रार आली तर रजिस्ट्रारने पावलं उचललीच पाहिजेत. ही अट `.com`, `.org` सारख्या नावांना लागू होते; `.in` ची व्यवस्था निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, तिथे हा करार दाखवून उपयोग नाही.

एक गोष्ट तपासून घ्या. पान भामट्याच्याच डोमेनवर आहे, की कुणा भल्या माणसाची साइट फोडून तिच्या एका कोपऱ्यात बसवलंय? मुख्य पत्ता उघडल्यावर एखाद्या नर्सरीची किंवा क्लासची जुनी साइट दिसली, तर दुसरा प्रकार. मग अख्खं डोमेन बंद करा असं लिहू नका. फक्त तो मार्ग काढा आणि साइटच्या मालकाला कळवा, एवढंच मागा.

पत्र छोटं, इंग्रजीत आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरून. विषयात `Phishing` हा शब्द आणि डोमेन. पहिल्याच वाक्यात पूर्ण लिंक, पण `https` च्या जागी `hxxps` आणि टिंबाभोवती चौकटी कंस, नाहीतर ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतो. त्याखाली खऱ्या अर्जाचा पत्ता, बनावट पान काय मागतं, कसं उघडायचं आणि आमची मागणी. जोडपत्रं काही ठिकाणी उघडलीच जात नाहीत, त्यामुळे महत्त्वाचं सगळं मजकुरात हवं. माझ्या पहिल्या पत्रात बोधचिन्ह चोरल्याबद्दल दोन परिच्छेद होते. मुख्याध्यापकांना ते फार आवडले होते, पण त्यामुळे तक्रार कॉपीराइटच्या रांगेत जाण्याची भीती असते आणि ती रांग संथ. लोकांची माहिती आणि पैसे लुबाडले जाताहेत, एवढंच लिहायचं.

पालकांची नावं, मोबाइल नंबर, व्यवहाराचे आकडे स्क्रीनशॉटवर काळे करून टाका. कित्येक होस्ट तक्रार जशीच्या तशी आपल्या ग्राहकाकडे पाठवतात, आणि इथे ग्राहक म्हणजे तोच भामटा. क्यूआर कोडमागचा यूपीआय आयडी पत्रात असू द्या, पण तो बंद करणं होस्टच्या हातात नाही. ते बँक आणि `cybercrime.gov.in` वरच्या तक्रारीचं काम.

पत्र गेल्यावर जो क्रमांक येतो तो वहीत लिहून ठेवा. पुढचा पत्रव्यवहार त्याच धाग्यात करायचा, नवा ईमेल टाकला की नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. पान उतरलं असं कळवलं तरी मोबाइल डेटावर, शेपटासकट लिंक टाकून बघा. आमचं दुपारी उतरलं आणि संध्याकाळी `?r=wa8` वर परत उभं होतं. त्याच धाग्यात दोन ओळी आणि नवा स्क्रीनशॉट टाकला, तेव्हा कुठे त्यांनी ते खातंच बंद केलं.