हप्ता आणि भाड्याची तुलना करू नका

घर विकत घ्यायचं की भाड्याने राहायचं, हे ठरवताना लोक गृहकर्जाचा हप्ता आणि भाडं समोरासमोर मांडतात. पण हप्त्यातलं मुद्दल ही बचतच असते. भाड्यासमोर मांडायचं ते हप्त्यातलं फक्त व्याज, आणि सोबत घराचा बाकीचा खर्च. समजा, तालुक्याच्या गावी घर २४ लाखांचं आहे. स्वतःचे ६ लाख, कर्ज १८ लाख, दर साडेआठ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे १.५३ लाख. ६ लाखांवर मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी मिळाले असते ते ४२ हजार गेले. घरपट्टी, डागडुजी १५ हजार. एकूण २.१० लाख.

तसंच घर महिना ६ हजार भाड्याने मिळत असेल, तर वर्षाचे ७२ हजार. फरक १.३८ लाख, म्हणजे घराची किंमत दरवर्षी पावणेसहा टक्के वाढली तरच बरोबरी. मुद्रांक शुल्क वेगळंच. तेवढी वाढ होते का, हे दलालाला नव्हे, शेजारच्या झालेल्या खरेदीखतांना विचारा. भाड्यात राहून उरलेला पैसा लग्नकार्यात जाणार असेल, तर मात्र हा हिशोब उलटतो.