मधल्या दिवसांतली कळ: बीज सुटल्याची की गाठ फुटल्याची, हे कसे ओळखावे

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत ओटीपोटाच्या एकाच बाजूला कळ येणाऱ्या बायकांना तीन प्रकारचे सल्ले मिळतात: गरम पाण्याची पिशवी ठेवा, वात धरला असेल, किंवा बेंबी सरकली असेल तर चोळून घ्या. पहिला सल्ला बहुतेक वेळा योग्य असतो, दुसऱ्याने काहीच कळत नाही आणि तिसऱ्याचा मला राग आहे. मला ही कळ वीस वर्षे येत होती आणि त्या वीस वर्षांत एकदा मी ती चुकीची ओळखली, म्हणून ती कशी तपासावी हे इथे लिहीत आहे.

कळ सुरू झाली की घड्याळ पाहून वेळ आणि बाजू लिहून ठेवावी. गर्भधारणेची जराही शक्यता असेल तर औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर लघवीची तपासणी लगेच करावी. ती सकारात्मक आली तर पुढचे काहीही न वाचता रुग्णालय गाठावे, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर घरी थांबण्याइतका वेळ हाताशी नसतो.

यापुढचा टप्पा तारखेच्या हिशेबाचा. चुका होतात त्या इथेच. पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी बीज सुटते, असे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो आणि दिवस पुढे मोजत जातो. शरीराचा हिशेब मात्र उलटा असतो. बीज सुटल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण 14 दिवसांचा, फार तर दोन-तीन दिवस इकडे-तिकडे असतो, आणि पाळी लवकर किंवा उशिरा येते ती मुख्यतः बीज सुटण्याआधीचा काळ कमी-जास्त झाल्यामुळे. म्हणून ज्या बाईचे चक्र 35 दिवसांचे आहे तिचे बीज चौदाव्या नव्हे, एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. पुढची पाळी कधी येणार हे आधी कळत नाही, यावर उपाय असा की मागच्या चार-सहा चक्रांचे दिवस लिहून त्यांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चक्रातून 14 वजा करावेत. माझी चक्रे तेव्हा 27, 29, 28 आणि 31 दिवसांची होती, म्हणजे बीज तेराव्या ते सतराव्या दिवसात सुटणार. दोन्हीकडे दोन-दोन दिवसांची सवलत दिली तरी अकरावा ते एकोणिसावा दिवस.

माझी ती कळ आली बाविसाव्या दिवशी. जोतिबाहून उतरून घरी आले होते, पाण्याचा भरलेला वीस लिटरचा जार उचलून ओट्याजवळ ठेवला आणि उजव्या बाजूला आत काहीतरी एकदम तुटल्यासारखे झाले. 'मधली कळ आहे, दरवेळची' असे मी घरात सांगितले, आणि स्वतःचीही तशीच समजूत घातली. बीज सुटल्यानंतर त्याच्या रिकाम्या कोशाची एक लहान गाठ बनते, तिला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात फुटून रक्त येते ते बहुधा हिच्यातूनच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ओझे उचलणे, जोराचा व्यायाम किंवा शरीरसंबंध हे त्याचे नेहमीचे निमित्त असते. डाव्या अंडाशयाला आतड्याची थोडी गादी मिळते म्हणून ही गाठ उजवीकडे अधिक वेळा फुटते असे मानतात, आणि उजवीकडचे दुखणे अपेंडिक्समध्ये जमा होते ते वेगळेच.

मात्र या हिशेबाचा उपयोग एकाच दिशेने करावा. तारीख जुळत नसेल तर संशय वाढवावा, पण तारीख जुळली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण गाठ मधल्या दिवसांतही फुटू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बाईला तर साध्या बीज सुटण्यातूनही बराच रक्तस्राव होऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेत असाल तर बीज सहसा सुटतच नाही, तेव्हा 'मधली कळ' हे कारण मुळातच बाद धरावे. आणि पीसीओडीमुळे पाळी अनियमित असेल तर हा हिशेब सोडूनच द्यावा.

तारखेपेक्षा खात्रीची खूण दुखण्याच्या चालीत सापडते. बीज सुटल्याची कळ काही मिनिटांपासून काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरते. बाई कामे आवरू शकते, अंगावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तारदार स्राव दिसतो, क्वचित रक्ताचा एखादा डागही पडतो आणि पुढच्या महिन्यात बाजू बदलू शकते. गाठ फुटल्याची कळ बहुधा एका क्षणात, पूर्ण जोराने सुरू होते. गाठीतले फक्त पाणी सांडले असेल तर तीही एक-दोन दिवसांत निवते. रक्त सांडत असेल तर दुखणे जागेवर राहत नाही, ओटीपोटभर पसरते आणि हादरा सहन होत नाही. टाचा उचलून उभे राहा आणि एकदम खाली टेका. पोटात कळ उठली तर आतला पडदा चिडलेला आहे. माझ्यावर ही परीक्षा रिक्षानेच घेतली: घरापासून रुग्णालयापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक मला वेगळा आठवतो.

पण रिक्षात बसायला मी आठ तास लावले. सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, म्हणाल्या, "वाईच पालथी पड, बेंबी सरकलीया, चोळली की बसंल." मी चोळून घेतले. ज्या पोटात रक्त सांडत असू शकते ते चोळू नये, हे मी आज कोणालाही ठणकावून सांगते. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा भिंत धरावी लागली, छातीत धडधडत होते आणि उजवा खांदा दुखत होता. पोटातले रक्त श्वासपटलाखाली पोहोचले की दुखणे खांद्याच्या टोकाला जाणवते. मला वाटले, जार उचलल्यामुळे खांदा भरला.

तेव्हा उभे राहताच चक्कर येणे, नाडी जलद चालणे, घाम फुटून अंग गार पडणे, खांदा दुखणे किंवा हादरा न सोसणे, यांतले एकही असेल तर 108 वर फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये, आणि गगनबावडा किंवा राधानगरीकडच्या बाईने रस्त्याचा वेळ धरून आणखी लवकर निघावे. उलट्यांसह लाटेसारखी येणारी असह्य कळ असेल तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हाही तितकीच घाई करावी. यांतले काहीच नसेल तर पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक गोळी आणि शेक पुरे. रक्तस्रावाचा संशय असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत.

रुग्णालयात शेवटच्या पाळीची तारीख, कळ सुरू झाल्याची वेळ आणि आपण त्या वेळी काय करत होतो, एवढे आधी सांगावे. सोनोग्राफीत गर्भाशयामागे थोडे पाणी दिसले म्हणून घाबरू नये, कारण साधे बीज सुटल्यावरही ते दिसते. ते किती आहे आणि वाढते आहे का, हे महत्त्वाचे. माझे हिमोग्लोबिन आल्यावर 11.4 आणि सहा तासांनी 9.8 होते, पुढच्या तपासणीत ते तिथेच थांबले, म्हणून शस्त्रक्रिया टळली. अशा बहुतेक बायका देखरेखीवरच बऱ्या होतात. सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून गाठ विरल्याची खात्री करायला सांगतात. दुखणे थांबले म्हणून ती तारीख चुकवू नये, कारण तोवर न विरलेली गाठ वेगळ्या प्रकारची असू शकते.