सत्यता सारणीशिवाय सममूल्यता सिद्ध करताना या चुका टाळा

दोन विधानसूत्रे सममूल्य आहेत हे सारणीने दाखवायचे तर n चलांसाठी 2ⁿ ओळी लागतात. दोन चलांना 4 ओळी सहज होतात, पाच चलांना 32 लिहाव्या लागतात. नियमांनी केलेली सिद्धता बहुतेक वेळा आठ-दहा ओळींत संपते. पण सारणीत एखादी किंमत चुकली तर ती चूक त्या एका ओळीपुरती राहते. नियम चुकीचा लावला तर खालच्या सगळ्या ओळी व्यवस्थित दिसतात आणि उत्तर मात्र भलतेच येते. या चुका नेमक्या कुठे होतात, ते एकाच उदाहरणावर पाहू. ¬(¬p ∧ q) ∧ (p ∨ q) हे सूत्र p शी सममूल्य आहे, हे दाखवायचे आहे.

पहिली अडचण पहिल्याच कंसात येते. बाहेर एक ¬, आत p वर एक ¬, म्हणून दुहेरी नकार समजून दोन्ही खोडले जातात आणि p ∧ q लिहिले जाते. दुहेरी नकाराचा नियम ¬¬p ≡ p एवढेच सांगतो. दोन्ही नकार एकाला एक लागून, त्याच सूत्रावर असायला हवेत. इथे बाहेरचा नकार p वर नाही, ¬p ∧ q या अख्ख्या कंसावर आहे. त्यामुळे आधी डी मॉर्गनचा नियम लावून तो आत न्यायचा. आत जाताना ∧ चा ∨ होतो आणि दोन्ही घटकांवर नकार येतो. मगच p वर दोन नकार शेजारी येतात आणि खोडता येतात.

```
¬(¬p ∧ q) ∧ (p ∨ q)
≡ (¬¬p ∨ ¬q) ∧ (p ∨ q)     डी मॉर्गन
≡ (p ∨ ¬q) ∧ (p ∨ q)       दुहेरी नकार
≡ p ∨ (¬q ∧ q)             वितरण, उलट दिशेने
≡ p ∨ F
≡ p
```

डी मॉर्गन आणि दुहेरी नकार एकाच ओळीत उरकू नका. घाईत नेमके हेच दोन एकत्र केले जातात आणि ∧ बदलायचा राहून जातो.

चौथी ओळ पाहा. वितरण म्हटले की कंस फोडायचा, अशी सवय असते, पण नियम दोन्ही दिशांनी चालतो. दोन्ही कंसांत p ∨ सामाईक आहे, तेव्हा ते बाहेर काढले की काम एका ओळीत होते. हे सुचले नाही आणि कंस फोडलाच, तरी बिघडत नाही. वाट लांबते आणि तिथे शोषण नियम लागतो.

```
(p ∨ ¬q) ∧ (p ∨ q)
≡ ((p ∨ ¬q) ∧ p) ∨ ((p ∨ ¬q) ∧ q)     वितरण
≡ p ∨ ((p ∨ ¬q) ∧ q)                  शोषण
≡ p ∨ ((p ∧ q) ∨ (¬q ∧ q))            वितरण
≡ p ∨ ((p ∧ q) ∨ F)
≡ p ∨ (p ∧ q)
≡ p                                   शोषण
```

फोडताना होणारी चूक म्हणजे p ∧ (q ∨ r) चे (p ∧ q) ∨ r लिहिणे. p दोन्ही घटकांपर्यंत पोचलाच पाहिजे. p = F आणि r = T घेतले तर डावीकडे F येते, उजवीकडे T. कंस न घालता p ∧ q ∨ r लिहिण्यानेही असेच होते: पुढच्या ओळीत स्वतःलाच कळत नाही की कशाचे वितरण करायचे आहे. ∧ आणि ∨ एकत्र आले की कंस घालाच.

शोषण नियमाचा साचा p ∨ (p ∧ q) ≡ p आणि p ∧ (p ∨ q) ≡ p असा आहे. तो लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. बाहेरचे आणि आतले चिन्ह वेगळे हवे, आणि बाहेर जे सूत्र आहे तेच जसेच्या तसे आत हवे. p ∨ (p ∨ q) मध्ये चिन्हे सारखीच आहेत, म्हणून तिथे शोषण नाही. त्याचे p ∨ q होते. सगळ्यात जास्त फसवते ते p ∨ (¬p ∧ q). दिसायला ते शोषणासारखेच, पण आतल्या p वर नकार आहे, म्हणून त्याचे p होत नाही. p = F, q = T घेतले तर सूत्र T येते आणि p मात्र F. योग्य वाट वितरणातून जाते: (p ∨ ¬p) ∧ (p ∨ q), म्हणजे T ∧ (p ∨ q), म्हणजे p ∨ q. याउलट, साचा जुळत असताना तो ओळखू न येणे हीदेखील अडचण आहे. p च्या जागी अख्खे सूत्र असू शकते: (r → s) ∨ ((r → s) ∧ q) चे सरळ r → s होते, आतला बाण सोडवायची गरजच नसते.

शोषण नियमच सिद्ध करायला सांगितला तर अनेक जण गोल फिरत राहतात. p ∨ (p ∧ q) चे वितरण केले की (p ∨ p) ∧ (p ∨ q), म्हणजे p ∧ (p ∨ q) मिळते. त्याचे पुन्हा वितरण केले की p ∨ (p ∧ q) परत येते. एकही पायरी चूक नसते, पण पुढे काहीच सरकत नाही. यातून सुटायला p च्या जागी p ∧ T लिहावे लागते. सूत्र एकदा मुद्दाम लांबवायचे, मग p सामाईक काढायचा:

```
p ∨ (p ∧ q)
≡ (p ∧ T) ∨ (p ∧ q)
≡ p ∧ (T ∨ q)
≡ p ∧ T
≡ p
```

आधीची ओळ पुन्हा दिसली, की तेच वितरण आणखी एकदा करून पाहू नका. T किंवा F आणता येतो का ते पाहा. T लागल्यास तो q ∨ ¬q असाही लिहिता येतो.

शेवटचे सूत्र हवे तसे आले नाही, तर सगळी सिद्धता पुन्हा लिहायची गरज नसते. समजा, सुरुवातीची दुहेरी नकाराची चूक झाली आणि (p ∧ q) ∧ (p ∨ q) वरून शेवटी p ∧ q मिळाले, तर हवे होते p. ही दोन सूत्रे कुठल्या किमतींना वेगळी पडतात? p = T, q = F ला. नेमक्या याच किमती प्रत्येक ओळीत घाला. पहिली ओळ, ¬(F ∧ F) ∧ (T ∨ F), T येते. दुसरी ओळ, (T ∧ F) ∧ (T ∨ F), F येते. किंमत ज्या दोन ओळींमध्ये बदलली तिथली पायरी नक्की चूक आहे, कारण सममूल्य सूत्रे कोणत्याही किमतींना वेगळी पडू शकत नाहीत. लांब सिद्धतेत मधली ओळ आधी तपासा. तिची किंमत पहिल्या ओळीसारखी असेल तर खालच्या अर्ध्या भागात चूक आहेच, नसेल तर वरच्या.

किंमत कुठेच बदलली नाही, तर मात्र प्रत्येक पायरी बरोबर ठरत नाही. त्या एका जोडीने चूक उघडी पडली नाही एवढेच कळते. आणि पहिल्या ओळीची किंमतच दिलेल्या उत्तराच्या किमतीशी जुळत नसेल, तर दोष सिद्धतेत नाही: ती दोन सूत्रे सममूल्यच नाहीत, आणि ही एक किंमत-जोडी लिहून दाखवली की प्रश्न तिथेच निकालात निघतो.