मोदकाच्या व्हिडिओचा थंबनेल: अपलोडआधीची तयारी

गणपती आले की उकडीच्या मोदकाचे व्हिडिओ ढिगाने येतात आणि ते बघणारे बहुतेक जण फोन हातात घेऊनच बघतात. यूट्यूबवर व्हिडिओ शोधला किंवा एखादा बघताना खालची यादी सरकवली, तर कधी थंबनेल पडद्याच्या पूर्ण रुंदीचा दिसतो, कधी जेमतेम अर्ध्या रुंदीचा. तयारी करायची ती या दुसऱ्या, लहान आकारासाठी. तिथे वाचता आला तर तो सगळीकडे वाचता येतो.

तयारी फोटो काढतानाच सुरू होते. केळीच्या पानावर पांढरेशुभ्र मोदक सुंदर दिसतात, पण अक्षरांना जागा उरत नाही. म्हणून एक फोटो मुद्दाम असा काढून ठेवा की मोदक उजव्या अर्ध्यात असतील आणि डावीकडे गडद, साधं काही असेल: काळसर लाकडी पाट, गडद कापड, अगदी सावलीतली भिंतसुद्धा चालेल. अकरा मोदकांचं ताट नको. एकच मोदक जवळून घ्या, कळ्या स्पष्ट दिसतील असा. फ्रेमचा खालचा उजवा कोपरा मोकळा ठेवा, कारण व्हिडिओच्या वेळेची काळी पट्टी यूट्यूब तिथेच चिकटवतं. आधी थोडा व्हिडिओ बघून झालेला असेल तर तळाशी लाल रेघही येते. तिथे लिहिलेला शब्द वाया गेला म्हणून समजा.

आता शब्द. समजा व्हिडिओचं शीर्षक आहे ‘उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून ५ महत्त्वाच्या टिप्स’. हे सगळं थंबनेलवर पुन्हा लिहायची गरज नाही, शीर्षक शेजारी किंवा खाली दिसतंच. फोटोत मोदक आहे, म्हणजे ‘उकडीचे मोदक’ हेही सांगून झालं. उरतं ते एकच: बघणाऱ्याची अडचण. ‘मोदक फुटतो?’ हे दोन शब्द पुरतात. फोटोतला मोदक खरंच चिरलेला असेल तर नुसतं ‘का फुटतो?’ हेही चालेल. तीन शब्दांपुढे गेलात की अक्षर लहान करावं लागतं आणि मग सगळंच जातं. शब्द निवडताना जोडाक्षरांकडे लक्ष द्या. ‘महत्त्वाच्या’मधला त्त्व लहान आकारात नुसता काळा ठिपका होतो. ‘खास’, ‘सोपं’, ‘का?’ असे सुटसुटीत शब्द बघा.

अक्षराच्या मापाचा हिशोब एकदा करून ठेवला की कायमचा उपयोगी पडतो. थंबनेल आपण १२८० बाय ७२० पिक्सेलचा करतो. फोनवरच्या अर्ध्या रुंदीच्या यादीत तो, फोनचा पडदा मोजायच्या एककांत, साधारण १६० एककं रुंद दिसतो, म्हणजे आठव्या हिश्श्यावर येतो. तिथे अक्षर निदान १२ एककं उंच दिसायला हवं असेल, तर मूळ चित्रात त्याचं अंग ९६ पिक्सेल उंच पाहिजे. इथे देवनागरीची एक गोष्ट विसरू नका. फॉन्टचं जे माप आपण टाकतो त्यात वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार यांची जागाही धरलेली असते, त्यामुळे ‘म’चं प्रत्यक्ष अंग त्या आकड्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त भरतं. म्हणून १६० ते १८० हे माप टाकून सुरुवात करा आणि ‘म’ची उंची मोजून बघा. लॅपटॉपवर हे फार मोठं वाटेल. वाटू द्या.

फॉन्ट ठळक हवा, पण सगळ्यात जाड वजन दिसलं की लगेच घेऊ नका. मुक्त किंवा बालू २ हे गुगल फॉन्ट्सवरचे देवनागरी फॉन्ट या कामाला चांगले आहेत. त्यांचं बोल्ड वजन पुरतं. त्याहून जाड घेतलं की ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बुजते आणि तो ‘व’ वाटतो, ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक मिटतो. अक्षराभोवती बाह्यरेषा देत असाल तर ती बाहेरच्या बाजूला वाढेल असं बघा. ती आत वाढली की नेमकी हीच पोकळी भरते. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा-सुटा दिसतो. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतला ‘फु’चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाही ना, हे डोळ्यांनी तपासा.

रंगांत सगळ्यात जास्त फसवणूक होते ती लाल अक्षरांनी. हिरव्या पानावर लाल शब्द मोठ्या पडद्यावर उठून दिसतो, पण चित्र करडं करून बघा: लाल आणि पानाचा हिरवा जवळजवळ एकाच छटेचे होतात. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो त्यांना तर तो शब्द शोधावा लागतो. शिवाय चित्र दाबून साठवताना रंगाचा तपशील बहुधा उजेडाच्या तपशिलापेक्षा जास्त कमी केला जातो, त्यामुळे केवळ रंगाच्या फरकावर उभं असलेलं अक्षर कडेला फिसकटतं. फरक उजेड-अंधाराचा हवा. सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ आणि नेहमीच्या मजकुरासाठी ४.५ : १ असं दिलेलं आहे. थंबनेल उन्हात, कमी ब्राइटनेसवर बघितला जातो, तेव्हा मी ७ : १ च्या खाली जात नाही. गडद पाटावर पिवळं किंवा पांढरं अक्षर हे प्रमाण सहज गाठतं. पांढऱ्या मोदकावर मात्र पांढरं अक्षर चढू देऊ नका. जागाच नसेल तर अक्षरामागे सपाट गडद पट्टी टाका. धूसर सावली लहान आकारात दिसतच नाही.

व्हिडिओच्या आतली अक्षरं हे वेगळं काम, पण नियम तेच. ‘१ वाटी पीठ, १ वाटी पाणी’ ही ओळ फोन उभा धरून बघणाऱ्यालाही वाचता आली पाहिजे. १९२० बाय १०८०च्या व्हिडिओत तिला १०० च्या आसपास माप द्या, एका वेळी अशी एकच ओळ दाखवा आणि ती सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. तळाशी सबटायटल येतात, म्हणून ही ओळ वरच्या भागात. शॉर्ट्स असेल तर उजवी कड लाइक-शेअरच्या बटणांना आणि तळ चॅनेलच्या नावाला सोडून द्या.

शेवटची तपासणी फोनवरच करा. ‘उकडीचे मोदक’ शोधून निकालांचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातल्या एका लहान थंबनेलवर आपला चिकटवा. आता तो खऱ्या शेजाऱ्यांमध्ये दिसेल. आसपास सगळे पिवळी अक्षरं वापरत असतील तर आपली पांढरी ठेवा. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि व्हिडिओ न पाहिलेल्या घरातल्या कुणाला, शक्यतो चष्मा लागलेल्या आईला किंवा काकूंना, चष्मा न लावता वाचायला सांगा. त्या अडखळल्या तर आधी एक शब्द कमी करा, मग माप वाढवा, रंग सगळ्यात शेवटी बदला. व्हिडिओ टाकून झाल्यावर चूक दिसली तरी थंबनेल तेवढा बदलता येतो, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही.