बागेच्या फोटोत डायनासोर घुसवायचाय? ओवीने केलं तसं करा

आमच्या ओवीने, वय नऊ, बागेच्या फोटोत एक स्टेगोसॉरस चिकटवला आणि सगळ्या भावंडांना दाखवला. मावसदादा दोन सेकंदात म्हणाला, "हवेत तरंगतोय की हा!" ती जाम चिडली, पण पोराचं बरोबर होतं. मग तिने परत केला तो असा.

आधी बागेचा फोटो. ऊन तिरपं असताना काढा म्हणजे सावल्या लांब पडतात, आणि सावली कुठल्या बाजूला पडलीये ते नीट बघून ठेवा.

मग नेटवरचं चित्र न घेता खेळण्यातल्या डायनासोरचाच फोटो काढा, त्याच बागेत, त्याच उन्हात, लगेच. इथे खरी गोम आहे ती कॅमेऱ्याच्या उंचीची. खरा स्टेगोसॉरस साधारण 8 मीटर लांब, ओवीचा 20 सेंटीमीटर, म्हणजे 40 पट लहान, तर कॅमेरापण 40 पट खाली यायला हवा ना. बागेचा फोटो तिने 120 सेंटीमीटरवरून काढला होता, म्हणजे खेळण्यासाठी लेन्स जमिनीपासून फक्त 3 सेंटीमीटर! फोन उलटा धरला की लेन्स खाली जाते आणि हे जमतं. अंतराचंही तेच, बागेत तो 12 मीटर लांब उभा दिसायला हवा असेल तर खेळणं 30 सेंटीमीटरवर ठेवा. पहिल्या वेळी तिने उभ्यानेच खाली बघत फोटो काढलेला, त्यामुळे पाठच जास्त दिसत होती आणि तो खेळणंच वाटत होता.

आता लेयर असलेल्या कुठल्याही फोटो ॲपमध्ये बाग खाली, डायनासोर वर, आणि डायनासोरच्या फोटोत त्याच्या मागचं सगळं खोडून टाका. पाय गवतात रुतलेले दिसायला हवेत, म्हणून बारीक इरेजरने पायाच्या खालच्या कडा गवताच्या पात्यांसारख्या वेड्यावाकड्या खोडा, हे कंटाळवाणं आहे पण तरंगणं यानेच थांबतं. सावलीसाठी मधे एक लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय म्हणजे खालचं गवत दिसत राहून नुसतं गडद होतं, पायाशी गडद आणि लांब जाता फिकट, बाकी झाडांच्या सावल्या जिकडे तिकडेच. शेवटी पुढची एखादी वस्तू त्याच्या अंगावर आणा, ओवीने झारी मागच्या पायासमोर ठेवली (बागेच्या लेयरमधून झारी कापून सगळ्यात वर पेस्ट, बस).

दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा धाकटी मामेबहीण काही न बोलता खिडकीत जाऊन गवत बघून आली. दादाने झूम केलं, पायाशी गेला, सावलीशी गेला, बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "शेपटीला काटे चार असतात, याला सहा कसे?"

ओवी म्हणे, "ते खेळणं बनवणाऱ्याला विचार!"