लाँचआधीचे सात व्हिडिओ: या चुका टाळा

कांदा-लसूण मसाला करणाऱ्या एका घरगुती उद्योगासाठी आम्ही लाँचआधी आठवडाभर इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकली. तिसऱ्या रीलवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त ५ दिवस बाकी’. मसाला रविवारी विक्रीला आला आणि मंगळवारी त्याच रीलखाली एका ताईंनी विचारलं, ‘अजून किती दिवस थांबायचं?’

चूक आमचीच होती. रील टाकल्या त्या क्रमाने लोकांना दिसत नाहीत. एखाद्याला पाचवी आधी दिसते, पहिली चार दिवसांनी दिसते, काहींना मधली एकच दिसते. त्यामुळे उरलेले दिवस व्हिडिओवर कधीच लिहू नका. ‘रविवार, १५ मार्च, सकाळी ११’ असा वार, तारीख आणि वेळ लिहा, म्हणजे रील कधीही दिसली तरी खोटी ठरत नाही. दिवस मोजायचेच असतील तर ते स्टोरीत मोजा. स्टोरी २४ तासांत जाते आणि तिथल्या काउंटडाउन स्टिकरवरून लोकांना आठवणही लावून घेता येते. तारीख फ्रेमच्या तळाशी ठेवू नका. तिथे कॅप्शन येतं आणि उजवीकडे लाइक-कमेंटची बटणं असतात.

दुसरी चूक म्हणजे रोज नुसतं ‘काहीतरी खास येतंय’ म्हणणं. दोन दिवसांत लोक कंटाळतात. रोज एक खरी गोष्ट पूर्ण दाखवा आणि पुढची राखून ठेवा. आमचा क्रम आता असा असतो: पहिल्या दिवशी उन्हात वाळणारी मिरची, मग तेलात तळला जाणारा कांदा, मग कांडप. चौथ्या दिवशी रश्श्यावर चढणारी लाल तर्री. इथवर मसाल्याचं नाव कुठेच नसतं. पाचव्या दिवशी नाव, सहाव्या दिवशी पाकीट, शेवटी किंमत, वजन आणि ऑर्डर कशी द्यायची ते. प्रत्येक व्हिडिओ एकटा पाहिला तरी कळला पाहिजे. ‘कालच्या व्हिडिओत पाहिलंत ना’ अशी सुरुवात नको.

गुपित बहुतेक वेळा मागच्या बाजूने फुटतं. आमच्या कांडपाच्या शूटमध्ये मागच्या फळीवर छापलेली पाकिटं दिसत होती. कुणीतरी व्हिडिओ थांबवून नाव वाचलं आणि पाचव्या दिवसाचा उलगडा तिसऱ्याच दिवशी कमेंटमध्ये झाला. आता आम्ही व्हिडिओ टाकण्याआधी शूटला नसलेल्या कुणालातरी दाखवतो आणि विचारतो, ‘यात काय काय दिसलं?’

पाकिटं हातात आल्याशिवाय पहिला व्हिडिओ टाकू नका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर एफएसएसएआयचा नंबर लागतो. तो राहिला तर छपाई पुन्हा करावी लागते आणि तारीख पुढे जाते. सातही व्हिडिओंवर तीच तारीख असते, मग सातही नव्याने करावे लागतात.