माणसं गेली, सीटचं बिल राहिलं: माझा अनुभव

आमच्या टीमच्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचं मासिक बिल 42 सीटचं येत होतं, पण कामावर माणसं होती 33. सोडून गेलेल्यांचं कंपनीचं लॉगिन आयटी त्याच दिवशी बंद करत होतं, तरी आकडा हलत नव्हता.

ॲडमिन पॅनेलमधून सदस्यांची यादी सीएसव्हीमध्ये काढली, एचआरकडून चालू कर्मचाऱ्यांची घेतली. दोन्हींतले फक्त ईमेल लहान अक्षरांत करून वेगळ्या फायलींत ठेवले आणि ताडून पाहिले:

```
comm -23 <(sort tool.txt) <(sort hr.txt)
```

सॉफ्टवेअरमध्ये आहेत पण एचआरकडे नाहीत, अशी 3 नावं निघाली. लॉगिन बंद झालं तरी सॉफ्टवेअरमधलं त्यांचं खातं सक्रियच होतं. त्यातल्या एकाच्या नावावर रोजचा रिपोर्ट पाठवणारं ऑटोमेशन होतं. त्याची मालकी आधी दुसऱ्याकडे दिली, मगच खातं काढलं. हा क्रम उलटा केला तर रिपोर्ट गुपचूप बंद पडतो.

तरी हिशोब जुळेना, कारण यादीत मुळात 36 जणच होते. उरलेल्या 6 सीट रिकाम्या, पण विकत घेतलेल्या! खरी मेख इथेच होती. माणूस काढला की सीट मोकळी होते, खरेदीची संख्या कमी होत नाही. ती बिलिंगच्या पानावर वेगळी, नूतनीकरणाच्या तारखेआधी घटवावी लागते. आम्ही 42 ची 33 केली आणि पुढचं बिल तेवढ्याचंच आलं. मागच्या महिन्यांचे पैसे मात्र करारानुसार परत मिळाले नाहीत.